प्रतिसाद दर (समाजमाध्यमे)

प्रतिसाद दर हे समाजमाध्यमांवरील पोस्टला मिळालेला प्रतिसाद मोजण्याचे एक परिमाण आहे. लाइक, टिप्पण्या, शेअर आणि सेव्ह यांच्या बेरजेस एका आधारसंख्येने भागून तो टक्केवारीत मांडतात. आधारसंख्या म्हणून पोहोच, म्हणजे पोस्ट दिसलेल्या वेगवेगळ्या खात्यांची संख्या, किंवा पानाच्या फॉलोअरांची संख्या घेतली जाते. पैसे भरून पोस्ट बूस्ट केल्यास या दोन दरांत मोठी तफावत पडते.

दोन दरांची तुलना

ठाण्यातील खोपट येथे दिवाळीचा फराळ विकणाऱ्या एका काल्पनिक दुकानाचे २,००० फॉलोअर आहेत असे मानू. त्याची शुभेच्छांची पोस्ट बूस्टपूर्वी ४०० जणांना दिसली व तिला ३२ प्रतिसाद मिळाले. पोहोचीनुसार दर ८ टक्के, तर फॉलोअरांनुसार १.६ टक्के झाला. १,००० रुपये भरून बूस्ट केल्यावर एकूण पोहोच १२,००० आणि प्रतिसाद ३६० झाले. आता पोहोचीनुसार दर ३ टक्क्यांवर उतरला, तर फॉलोअरांनुसार दर १८ टक्क्यांवर चढला. पोस्ट मात्र तीच होती.

बूस्टमुळे पोस्ट मुख्यतः फॉलोअर नसलेल्यांपर्यंत जाते. त्यांचे प्रतिसाद अंशात मिळवले जातात, पण छेदात फॉलोअरांची जुनीच संख्या राहते. त्यामुळे फॉलोअरांनुसार दर मुख्यतः खर्च दाखवतो. बूस्ट केलेल्या पोस्टसाठी पोहोचीनुसार दर अधिक योग्य ठरतो; तोही सशुल्क व नैसर्गिक पोहोचीसाठी वेगळा काढावा लागतो.

विक्रीशी संबंध

याच दुकानाने भाव आणि ठाणे ते डोंबिवलीदरम्यान घरपोच मिळण्याची ठिकाणे सांगणारी दुसरी पोस्ट तितक्याच खर्चात बूस्ट केली. तिची पोहोच ९,००० व प्रतिसाद १३५ होते, म्हणजे दर अवघा १.५ टक्के. तिच्यामुळे मात्र चौकशीचे ४५ संदेश आणि १५ मागण्या आल्या. पहिल्या पोस्टमुळे ६ संदेश आणि २ मागण्या आल्या होत्या. प्रत्येक मागणीमागे खर्च पहिलीत ५०० रुपये, तर दुसरीत सुमारे ६७ रुपये पडला.

लाइक देण्यास कष्ट पडत नाहीत. भाव विचारणारा संदेश, दूरध्वनी किंवा दुकानाचा पत्ता पाहणे या कृती खरेदीच्या अधिक जवळच्या असतात. बूस्ट करताना निवडलेले उद्दिष्टही आकड्यांवर परिणाम करते. ‘प्रतिसाद’ निवडल्यास यंत्रणा लाइक देण्याची सवय असलेल्यांना, तर ‘संदेश’ निवडल्यास संदेश पाठवण्याची शक्यता असलेल्यांना पोस्ट अधिक दाखवते.

मर्यादा

संदेशांची संख्याही विक्रीचा पूर्ण हिशेब देत नाही. जाहिरात पाहून, कोणताही प्रतिसाद न देता थेट दुकानात येणारे ग्राहक तिच्यात दिसत नाहीत. जाहिरातींमधून झालेल्या विक्रीपैकी ९९ टक्के विक्री जाहिरात पाहूनही तिच्याशी कोणतीही क्रिया न केलेल्यांकडून झाली, असे फेसबुकने २०१२ मध्ये जाहीर केले होते. अर्थात हा दावा जाहिराती विकणाऱ्या कंपनीचाच होता. उलटपक्षी, संदेश पाठवणारा जुना ग्राहक बूस्टविनाही आला असता. म्हणून प्रत्येक ग्राहकाला दुकानाची माहिती कोठून मिळाली हे विचारून नोंदवणे, किंवा बूस्ट एका भागात करून दुसऱ्या तशाच भागातील विक्रीशी तुलना करणे, हे उपाय वापरले जातात.