शब्दवेध : ‘-सेयो’मधला ‘शि’

सोलच्या ऑफिसात धाकटा सहकारी विभागप्रमुखांना विचारतो, ‘क्वाजांगनिम, गासेयो?’ साहेब, निघालात? तेच त्याला विचारताना प्रमुखांना नुसतं ‘गायो?’ पुरतं. फरक ‘शि’चा. ‘शि’ आणि ‘ऑयो’ मिळून ‘-सेयो’ झालं. ‘यो’ने ऐकणाऱ्याशी सभ्यपणा राखला जातो, तर ‘शि’ने क्रिया करणाऱ्याला मान मिळतो. म्हणून स्वतःच्या क्रियेला ‘शि’ कधीच लावत नाहीत.

नवख्याची खरी पंचाईत होते ती प्रमुख गेल्याचं संचालकांना सांगताना, कारण ऐकणारे प्रमुखांहूनही वरचे. जुन्या रिवाजात आजोबांपुढे वडिलांचा ‘शि’ गाळत. पण राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेच्या २०११च्या मार्गदर्शिकेनुसार ऑफिसात तो ठेवावा, ‘गाश्यॉस्सुम्निदा’ म्हणावं. मलाही हेच रास्त वाटतं. गैरहजर माणसाचा मान समोरच्याच्या हुद्द्यावरून का घटावा?