लुईसचे मोहरे: एका छायाचित्रातून बुद्धिबळाचा संच ओळखताना

१/
झिजलेल्या, रंग उडालेल्या, अपुऱ्या बुद्धिबळाच्या संचाचे छायाचित्र समोर आले की दोन प्रश्न उभे राहतात. हा संच कोणत्या शैलीचा? आणि यातले कोणते मोहरे हरवले आहेत? या दोन प्रश्नांचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे स्कॉटलंडमधील लुईस बेटावर सापडलेले मध्ययुगीन मोहरे. त्यातला एक हरवलेला मोहरा २०१९ मध्ये अचानक प्रकट झाला. तो ओळखता आला, कारण काय हरवले आहे याचा हिशेब आधीच मांडलेला होता.

२/
१८३१ मध्ये लुईस बेटाच्या पश्चिमेकडील उइग परिसरात हा ठेवा उजेडात आला. त्यात एकूण ९३ वस्तू होत्या: बुद्धिबळाचे ७८ मोहरे, दुसऱ्या एका पटावरील खेळाच्या १४ चपट्या गोल सोंगट्या आणि पट्ट्याचे एक बक्कल. बहुतेक वस्तू वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेल्या आहेत, तर थोड्या देवमाशाच्या दातातून. पुढे हा ठेवा विभागला गेला. आज ८२ वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे आहेत आणि ११ एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात.

३/
पहिले काम म्हणजे प्रत्येक मोहऱ्याला त्याचे नाव देणे. मराठी वाचकाची पहिली अडचण इथेच होते. आपल्या पटावर राजाशेजारी वजीर उभा असतो, तर लुईसच्या ठेव्यात त्या जागी सिंहासनावर बसलेली, गालाला हात लावलेली राणी आहे. आपण ज्याला उंट म्हणतो, तो तिथे टोकदार टोपी घातलेला ख्रिस्ती धर्माध्यक्ष, म्हणजे बिशप आहे. आपल्या हत्तीच्या जागी ढाल-तलवार घेतलेला पायदळातला शिपाई उभा आहे.

४/
हा फरक कारागिरांच्या लहरीतून आलेला नाही. भारतातून इराण आणि अरब प्रदेशांमार्गे युरोपात जाताना खेळाचे नियम पुष्कळसे टिकले, मोहऱ्यांचे रूप मात्र प्रत्येक समाजाने आपापल्या दरबाराप्रमाणे घडवले. फारसी ‘फर्झीन’, म्हणजे राजाचा मंत्री, युरोपात पोहोचल्यावर राणी झाला. मराठीने मंत्र्याचे नाव राखले. म्हणून छायाचित्रातल्या मोहऱ्याची ओळख आपल्या भाषेतील नावावरून शोधू नये. राजाच्या जोडीला कोण आहे, कोणत्या प्रकारचे किती नग आहेत आणि त्यांच्या उंचीचा क्रम कसा आहे, हे पाहावे.

५/
या कसोटीवर लुईसचे मोहरे पुढीलप्रमाणे लागतात. मांडीवर आडवी तलवार धरून बसलेले राजे ८. राण्या ८. बिशप १६, त्यांपैकी काही बसलेले तर काही उभे. बुटक्या, जाडजूड घोड्यांवर बसलेले भालाधारी स्वार १५. उभे शिपाई १२. आणि प्यादी १९. प्याद्यांना मानवी चेहराच नाही. ती लहान स्तंभासारखी साधी, भौमितिक आकाराची आहेत. बेरीज ७८ होते.

६/
दुसरे काम शैलीला नाव देणे. इथे एक तपशील फार बोलका ठरतो, तो म्हणजे बिशपांची टोपी. या मोहऱ्यांत टोपीची दोन टोके पुढे आणि मागे आहेत. युरोपात बाराव्या शतकाच्या मध्यापूर्वी ही टोके डोक्याच्या दोन बाजूंना येत असत. म्हणून हे मोहरे साधारणपणे ११५० ते १२०० या काळातले मानले जातात. ज्याची तारीख कोरलेली नाही, अशा वस्तूचा काळ पोशाखातल्या बदलावरून ठरवण्याचे हे सुरेख उदाहरण आहे.

७/
त्यानंतर मोहऱ्यांची पाठ पाहावी. राजा-राण्यांच्या सिंहासनांच्या मागील बाजूस गुंफलेल्या वेली, पाने आणि प्राणी कोरलेले आहेत. या नक्षीचे धागे नॉर्वेतील त्रोंधाइम परिसरातल्या दगडी आणि लाकडी कोरीवकामाशी जुळतात. शिपायांपैकी काही जण स्वतःच्या ढालीची कड दातांनी चावताना दाखवले आहेत. युद्धाच्या उन्मादात ढाली चावणारे ‘बर्सर्कर’ योद्धे नॉर्स साहित्यात आढळतात. लुईस बेटही तेव्हा नॉर्वेच्या राजाच्या सत्तेखाली होते. १२६६ च्या पर्थच्या तहाने ते स्कॉटलंडकडे गेले. म्हणून ‘स्कॉटिश शैली’ हे नाव इथे चुकीचे ठरेल. सापडण्याची जागा आणि घडण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८/
त्रोंधाइमच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे आणि त्याची कथा चटका लावणारी आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील एका मध्ययुगीन चर्चच्या जागेवर लुईसच्या राणीशी विलक्षण साम्य असलेल्या राणीचा तुकडा सापडला. आज तो तुकडा अस्तित्वात नाही, केवळ त्याचे रेखाचित्र उरले आहे. वस्तू हरवली, पण तिची नोंद झाली होती, म्हणून पुरावा वाचला. दुसरीकडे, हे मोहरे आइसलँडमध्ये घडले असावेत असाही एक पक्ष आहे. बिशपाच्या रूपातील मोहरा आणि आइसलँडच्या भाषेतील त्याचे नाव हा त्या पक्षाचा एक मुख्य आधार आहे. बहुसंख्य अभ्यासकांचा कल त्रोंधाइमकडे असला तरी वाद मिटलेला नाही. त्यामुळे ‘बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील नॉर्स शैली’ हे नाव सुरक्षित, तर ‘त्रोंधाइमची कार्यशाळा’ हा तर्क, असे दोन स्तर वेगळे ठेवणे योग्य.

९/
आता तिसरे काम: काय हरवले आहे? हिशेब राजांपासून सुरू करावा, कारण एका संचात राजे दोनच असतात आणि त्यांत गोंधळ होण्याची शक्यता सर्वांत कमी. ८ राजे म्हणजे किमान ४ संच. राण्याही ८ आहेत, आकडा जुळतो. प्रत्येक संचात ४ प्रमाणे बिशप १६ हवेत, तेही पूर्ण आहेत. तीन वेगवेगळ्या प्रकारांनी एकच उत्तर दिले, म्हणून चार संचांचे गृहीतक भक्कम होते.

१०/
त्याच हिशेबाने स्वार १६ हवेत, आहेत १५, म्हणजे १ कमी. शिपाई १६ हवेत, आहेत १२, म्हणजे ४ कमी. प्यादी ६४ हवीत, आहेत १९, म्हणजे तब्बल ४५ कमी. चार संचांचे १२८ मोहरे होतात. त्यांतून सापडलेले ७८ वजा केले की ५० उरतात, आणि १, ४ व ४५ यांची बेरीजही ५० च येते. मोठ्या मोहऱ्यांपैकी फक्त पाच गायब आहेत आणि प्याद्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक, ही विषमता लक्षात घेण्याजोगी आहे. लहान, चेहरा नसलेली वस्तू वाळूत नजरेतून सहज सुटते.

११/
या गणितालाही मर्यादा आहेत. राजांची उंची साधारण ७ ते १० सेंटीमीटर इतकी बदलते, त्यामुळे सर्वांत उंच आणि सर्वांत बुटका राजा एकाच संचात समोरासमोर बसले असतील असे मानणे कठीण आहे. कदाचित हे चारांहून अधिक संचांचे अवशेष असतील. तसे असेल तर हरवलेल्यांचा आकडा वाढतो. ‘पाच मोठे मोहरे’ हा कमीत कमी आकडा आहे. शिवाय काही मोहरे ‘नेफाताफ्ल’ या जुन्या नॉर्स पटखेळातही वापरले गेले असावेत, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे.

१२/
छायाचित्राच्या मर्यादा वेगळ्या. कॅमेऱ्याजवळचा मोहरा मोठा दिसतो, म्हणून शेजारी मोजपट्टी नसेल तर उंचीवरून संच वेगळे करणे धोक्याचे. रंगावरही विसंबता येत नाही. सापडले तेव्हा काही मोहऱ्यांवर तांबडा रंग होता, याची नोंद १८३२ मध्ये फ्रेडरिक मॅडन यांनी केली. म्हणजे पटावर पांढरे आणि तांबडे असे दोन पक्ष होते. आज तो रंग डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. केवळ आजचे छायाचित्र पाहणाऱ्याला सर्व मोहरे एकाच पक्षाचे वाटतील आणि तो अख्खी दुसरी बाजूच हरवली असे म्हणून बसेल. हरवलेला रंग आणि हरवलेला मोहरा यांत गल्लत होते ती अशी.

१३/
या साऱ्या मोजणीचा उपयोग कळला तो २०१९ मध्ये. १९६४ साली एडिंबरोतील एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने एक लहानशी कोरीव मूर्ती ५ पौंडांना विकत घेतली होती. त्याच्या वहीत ती वॉलरसच्या सुळ्यातून घडवलेला बुद्धिबळातील जुना योद्धा म्हणून नोंदलेली होती. पदार्थ बरोबर, खेळ बरोबर, मोहऱ्याचा प्रकारही जवळपास बरोबर. ती कोणत्या ठेव्यातली, एवढेच कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे अनेक वर्षे ती घरातल्या एका खणात पडून राहिली.

१४/
कुटुंबीयांनी ती लिलाव संस्थेच्या तज्ज्ञांना दाखवली, तेव्हा ओळख पटली. मूर्ती गडद पडलेली होती, झिजलेली होती, तिचा डावा डोळा जवळजवळ नाहीसा झाला होता. तरीही शिरस्त्राण, ढाल, तलवार, उभे राहण्याची ढब आणि ८.८ सेंटीमीटरची उंची हे सारे ज्ञात शिपायांच्या रांगेत चपखल बसत होते. झीज प्रथम चेहरा आणि रंग पुसते. शरीराची ठेवण, शस्त्रे आणि प्रमाण त्यामानाने उशिरा जातात. म्हणून झिजलेला मोहरा ओळखताना चेहऱ्याच्या आधी बाह्याकृती पाहावी.

१५/
जुलै २०१९ मध्ये हा शिपाई लंडनमधील लिलावात ७,३५,००० पौंडांना विकला गेला. किमतीपेक्षा मोठी गोष्ट अशी की हरवलेल्यांच्या यादीतील एक जागा भरली. शिपायांची तूट चारवरून तीनवर आली. आता चार मोठे मोहरे शिल्लक आहेत: एक स्वार आणि तीन शिपाई. ते समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत असतील, नष्ट झाले असतील किंवा कोणाच्या खणात ‘जुना योद्धा’ या नावाने पडलेले असतील. त्या पाच पौंडांच्या नोंदीत एकही शब्द खोटा नव्हता. तरी पंचावन्न वर्षे तो मोहरा हरवलेलाच राहिला, कारण त्याला त्याच्या संचाचे नाव मिळाले नव्हते.

(धागा समाप्त)