थांबलेल्या अस्थी

तिसऱ्या दिवशी घरची मंडळी राख सावडायला जातात. निवलेल्या चितेवर पाणी व दूध शिंपडतात, अस्थी वेचून धुतात आणि मडक्यात घालून तोंडाला पांढरे फडके बांधतात. हे मडके घरात आणीत नाहीत. गावाबाहेर झाडाला टांगतात. दहाव्याच्या आत अस्थी वाहत्या पाण्यात सोडाव्यात, अशी रीत आहे.

पण जाणेच जमले नाही तर? मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने आगगाड्या व मोटारी थांबल्या. आपल्या धनजसारख्या गावाहून कौंडण्यपूरची वर्धा किंवा नाशिकचे रामकुंड तेव्हा फार दूर झाले. कित्येकांनी जवळच्याच वाहत्या पाण्यात विसर्जन केले. कित्येकांनी मडके बांधून वाट पाहिली.

अशी वाट पाहण्याला मोठा दाखला आहे. महात्माजींच्या अस्थी प्रयागला १२ फेब्रुवारी १९४८ रोजी सोडल्या, परंतु एक वाटा कटकच्या बँकेत पेटीतच राहिला. तो संगमावर पोहोचला ३० जानेवारी १९९७ रोजी! त्याने विसर्जनाचे मोल उणावले नाही.

२०२१ साली टपाल खात्याने एका धार्मिक संस्थेच्या साहाय्याने स्पीड पोस्टाने अस्थी काशी, प्रयाग, हरिद्वार व गया येथे पाठविण्याची सोय जाहीर केली. विधी तेथील पुरोहिताने करावयाचा, घरच्यांनी तो दुरून पाहावयाचा आणि मागाहून गंगाजल घरी यावयाचे. पाठवावयाच्या अस्थी मात्र पुरत्या वाळवून घट्ट बांधाव्या लागतात. मातीचे मडके वाटेत फुटते.