येणाऱ्या क्लेमच्या भरवशावर काढलेले कर्ज

अकोल्याच्या रामदासपेठेत काय किंवा अमरावतीच्या राजापेठेत काय, डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी एक सल्ला हमखास ऐकू येतो : “कार्ड घासून टाक ना भाऊ, क्लेम आला का भरून देजो.” हा सल्ला देणारे लोक अडाणी नसतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असेही नाही. तेव्हा आधी त्यांची बाजू पूर्ण मांडू.

ते म्हणतात : आपल्याकडची बरीच लहान नर्सिंग होम्स विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत नसतात, म्हणून बिल आधी आपणच भरायचे आणि मागून परतावा घ्यायचा. क्रेडिट कार्डावर पन्नासेक दिवसांपर्यंत व्याज लागत नाही. तेवढ्यात क्लेम येतोच. नाही आला तर हप्ते पाडता येतात, किंवा नो-कॉस्ट मेडिकल लोन आहेच. म्हणजे दुसऱ्याचा पैसा फुकट वापरायला मिळाला, वर पॉइंटही मिळाले.

या युक्तिवादाला दोन गृहीतकांचा आधार आहे. क्लेम ठरल्या वेळी येईल हे एक, आणि भरला तेवढा येईल हे दुसरे. दोन्ही तपासून पाहू.

आधी वेळ. कार्डाची मुदत खरेदीच्या दिवसाशी बांधलेली असते. विमा कंपनीची मुदत मात्र शेवटचा आवश्यक कागद तिच्या हाती पडल्यापासून मोजली जाते. पॉलिसीत 15 दिवस लिहिलेले असोत की 30, ते डिस्चार्जपासूनचे नसतात. मध्ये कंपनीने एखादी क्वेरी काढली की मोजणी तिथेच अडते. कार्डाचे दिवस मात्र चालूच राहतात.

एक उदाहरण मांडू. अकोल्यात मांडीच्या हाडात प्लेट बसवली, बिल झाले 1,80,000 रुपये, आणि 5 जूनला कार्डाने भरले. स्टेटमेंट 20 जूनला आले, भरण्याची शेवटची तारीख 10 जुलै. कागद 15 जूनला पाठवले. 28 जूनला कंपनीची क्वेरी आली : इनडोअर केस पेपर आणि प्लेटचे स्टिकर-बिल हवे. हॉस्पिटलकडून ते मिळवून पाठवीपर्यंत 15 जुलै उजाडला. 28 जुलैला, म्हणजे शेवटच्या कागदानंतर तेराव्या दिवशी, पैसे जमा झाले. कंपनीने एक दिवसही उशीर केला नाही, त्यामुळे उशिरासाठी तिच्याकडून मिळणारे बँक रेटपेक्षा 2 टक्के जास्तीचे व्याजही मागता येत नाही.

दरम्यान 10 जुलैला घरच्यांनी मिनिमम ड्यू म्हणून 9,000 रुपये भरले आणि निश्चिंत झाले. खरी ठेच इथेच लागते. पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत मागे जाऊन रद्द होते आणि व्याज 10 जुलैपासून नव्हे, 5 जूनपासून धरले जाते. दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के दराने 28 जुलैपर्यंत ते साधारण 10,800 रुपये होते. त्यावर 18 टक्के जीएसटी मिळवला की सुमारे 12,700. त्याच कार्डावर घेतलेल्या नव्या किराण्यालाही बाकी फिटेपर्यंत बिनव्याजी मुदत मिळत नाही. “इतके व्याज कायद्यात कसे बसेल?” असे कोणी म्हणेल. 30 टक्क्यांवरचे कार्ड-व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला आहे. तो आधार आता उरलेला नाही.

आता रक्कम. या घरची पॉलिसी आरोग्य संजीवनी, विमा रक्कम 2 लाख. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 2 टक्के, म्हणजे दिवसाला 4,000. त्यांनी 5,000 ची खोली घेतली आणि पाच दिवस राहिले. लोकांना वाटते, दिवसाला हजार याप्रमाणे पाच हजारच कापले जातील. पण खोली मर्यादेबाहेर गेली की सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर यांचे शुल्कही त्याच प्रमाणात, इथे 80 टक्केच, धरले जाते. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून सुटतात. म्हणून 25,000 खोलीभाड्याचे 20,000 आणि 75,000 शुल्काचे 60,000 झाले. औषधे, प्लेट व तपासण्यांचे 70,000 पूर्ण मिळाले. हातमोजे वगैरे न मिळणाऱ्या बाबींचे 10,000 गेले. उरलेल्या दीड लाखातून 5 टक्के को-पे वजा होऊन हाती आले 1,42,500. म्हणजे 37,500 रुपये परत येणारच नव्हते, पण त्यांच्यावरही 42 टक्क्यांचे व्याज चढत राहिले. क्लेमचे सगळे पैसे कार्डात भरूनही 41,000 च्या वर बाकी उरते.

नो-कॉस्ट हप्त्यांचे काय? शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, ते शुल्कात किंवा किमतीत दडवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकातच बजावले होते. मेडिकल लोनची आणखी एक अडचण आहे. त्याची मुदत सहा किंवा बारा महिन्यांची ठरीव असते, क्लेम मात्र एकरकमी आणि अवचित येतो. म्हणून सहीपूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये दोनच आकडे पाहावेत : प्रोसेसिंग फी धरून येणारा वार्षिक दर, आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारे शुल्क.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला तर हा सल्ला आणखी महाग पडतो. त्याचे वैद्यकीय प्रतिपूर्तीचे देयक पंचायत समिती, जिल्हा परिषद, जिल्हा शल्य चिकित्सकांची तपासणी असे फिरते आणि मंजूर झाल्यावरही अनुदानाची वाट पाहते. महिनोन्‌महिने चालणारी ही वाट कार्डाच्या पन्नास दिवसांत मावत नाही.

मग करावे काय? पहिले, पैसे भरण्याआधी विचारावे. हॉस्पिटल यादीत नसले तरी 25 जानेवारी 2024 पासून सुरू झालेल्या ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’मध्ये, ठरलेल्या ऑपरेशनसाठी 48 तास आधी आणि तातडीत भरती झाल्यावर 48 तासांत कळवले, तर कॅशलेस मागता येते. मात्र हॉस्पिटलची तयारी हवी.  महात्मा फुले जन आरोग्य योजना तर मुळात कॅशलेस आहे. आधी कार्डाने बिल भरून मागून परतावा घेण्याची ती वाट नाही. म्हणून अंगीकृत रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला गाठावे.

दुसरे, कर्जाचे दोन भाग करावेत. क्लेम आलाच नाही असे धरूनही देय तारखेला पगारातून वा बचतीतून जेवढे पूर्ण भरता येईल, तेवढेच कार्डावर टाकावे. उरलेल्यासाठी रोजच्या बाकीवर व्याज लावणारे आणि हवे तेव्हा बंद करता येणारे कर्ज घ्यावे : बँकेचे सोनेतारण किंवा मुदत ठेवीवरचा ओव्हरड्राफ्ट. वरचे संपूर्ण 1,80,000 रुपये 10 टक्के दराने 53 दिवस घेतले असते, तर व्याज 2,600 च्या आसपास झाले असते. घरचे सोने गहाण टाकण्याची लाज वाटते, कार्ड घासण्याची वाटत नाही. हिशेब मात्र बरोबर उलट सांगतो.

तिसरे, हॉस्पिटल सोडतानाच इनडोअर पेपरची प्रत, इम्प्लांटचे स्टिकर व बिल, तपशीलवार बिल आणि पैसे भरल्याची पावती मागून घ्यावी. वरच्या उदाहरणात क्वेरीपासून उत्तरापर्यंतचे सतरा दिवस याच कागदांपायी गेले.

कार्ड वाईट असे माझे म्हणणे नाही. रात्री दोन वाजता डिपॉझिट मागितले, तर तेच कामी येते. खोडायचा आहे तो एवढाच समज, की प्रलंबित क्लेम हा हाती असलेला पैसा आहे. तो फक्त दावा आहे. त्याची तारीख आणि रक्कम दोन्ही विमा कंपनी ठरवते, कर्जाची मात्र आपण सहीनिशी मान्य केलेली असते.