लिंबूटिंबूचा हक्क

लग्नमुंजीला किंवा मे महिन्याच्या सुटीत आते-मामे-चुलत भावंडें एका घरीं जमलीं, म्हणजे खेळापूर्वीं पहिला तंटा वयाचा निघतो. तीन वर्षांचें पोर आणि सोळा वर्षांचा दादा यांस एकाच डावांत घ्यावयाचें कसें? आपल्या अंगणांतील खेळांनीं या प्रश्नास दिलेलें उत्तर म्हणजे लिंबूटिंबू. हा गडी खेळांत असतो, पण हिशेबांत नसतो. त्याला शिवलें तरी तो मरत नाही आणि तो शिवला म्हणून दुसरा कोणी मरत नाही.

आट्यापाट्यांचाच डाव घ्या. दहा भावंडें जमलीं आहेत व त्यांतील दोन लिंबूटिंबू आहेत. उरलेल्या आठांचे चार-चार गडी होतात. म्हणून अंगणांत पाण्याची धार धरून चारच पाट्या आंखाव्या आणि त्यांना मधोमध छेदणारी सूर काढावी. पाटी धरणाऱ्याचा पाय पाटीबाहेर जातां कामा नये. पहिल्या पाटीवरचा गडी मात्र सुरेवरूनहि धांवूं शकतो. म्हणून तेथें थोरला दादा असावा, व शेवटच्या पाटीवर आठ-नऊ वर्षांची चपळ पोर. चुकवणारे सर्व पाट्या ओलांडून परत आले, कीं लोण. लिंबूटिंबू मधून वाटेल तसे हुंदडोत.

घोटाळा होतो तो येथेंच. एखादा लबाड मोठा गडी लिंबूटिंबूच्या आडून सटकतो. मग पाटीवाला हात आंखडतो, कारण पोर पडलें तर घरांतून काकूंची हांक येणार! यावर आमच्या मतें उपाय एकच: लिंबूटिंबूस धरून किंवा पुढें करून निसटला, तो मेला.

पुढें हे खेळ अंगणांतून मैदानावर गेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें 1914 मध्यें खोखोचे नियम बांधावयास घेतले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें 1924 मध्यें ते प्रसिद्ध केले. सामने शक्य झाले ते यामुळेंच. दोन गांवांचे संघ भिडावयाचे तर गडी समान हवे, वेळ ठरलेली हवी आणि बाद तो बादच हवा. खोखोंत नऊ गडी ठरले. दहावा, हिशेबाबाहेरचा, कोठें बसवणार? पंचाच्या वहींत लिंबूटिंबूचा रकाना नाही. हें अपरिहार्य होतें असें आम्हांस वाटतें. मात्र शाळेंत तेच नियम शिकलेला दादा घरच्या अंगणांतहि ते चालवूं लागला, कीं धाकटीं पोरें ओट्यावर बसून पाहणारीं होतात.

तरी लिंबूटिंबूपण कायमचें नव्हे. तें संपल्याचें वडील माणसांस सांगावें लागत नाही. पोर पाटीवाल्याला हुलकावणी देऊं लागतें, आणि एके दिवशीं त्याला कोणी शिवतें व पुढें निघून जातें, तेव्हां तें रडवेलें होऊन ओरडतें, “मी मेलो ना! मला बाहेर काढा!”