वाकणे नव्हे, दुमडणे

चौदाव्या लुईने १६६१ साली पॅरिसमध्ये शाही नृत्यअकादमी स्थापिली आणि बॅलेची परिभाषा फ्रेंचमध्येच रुजली. तुष्ना डल्लास यांनी १९६६ साली मुंबईत बॅलेची शाळा काढली, तेव्हा 'प्लिए', 'तांद्यू' ही नावे आपल्याकडेही तशीच आली.

दोन्ही शब्द मुळात धातुसाधिते. 'प्लिए'ला 'वाकलेला' हा प्रतिशब्द चटकन सुचतो. पण मराठी माणूस वाकतो तो कमरेतून. नमस्काराला वाकतो, विहिरीत वाकून पाहतो. प्लिएत पाठ सरळच राहते, दुमडतात ते गुडघे. मूळ फ्रेंच धातूचा एक अर्थ 'घडी घालणे' असाही आहे. म्हणून आम्हांला 'दुमडलेला' अधिक नेमका वाटतो. मांड्या खुब्यातून बाहेर वळवायच्या, गुडघे पावलांच्याच दिशेला न्यायचे. अर्ध्या प्लिएत टाचा उचलायच्या नाहीत. खुबा न वळता पाऊलच जबरीने वळवले, तर तळव्याची कमान आत कलंडते आणि गुडघा अंगठ्याच्या आतल्या बाजूला येतो. शिक्षकाची नजर प्रथम तेथेच जाते.

'तांद्यू' म्हणजे ताणलेला. येथे पाय उचलायचा नसतो. पाऊल जमिनीला घासत सरकते. आधी टाच सुटते, मग चवडा, आणि बोटांची टोके तेवढी टेकलेली राहतात. सारा भार दुसऱ्या पायावर. तो खरोखर तेथे आहे का, हे पाहायचे तर टेकलेली टोके किंचित उचलावीत. धड कलले, तर ताणलेल्या पायावरही भार होता.