सामाजिक परतावा : कौशल्य-प्रशिक्षणातील निव्वळ हिशेब

एखाद्या सामाजिक कार्यक्रमातून लोकांच्या आयुष्यात झालेल्या बदलाची रुपयांत किंमत काढून ती कार्यक्रमावर लागलेल्या रकमेशी ताडण्याच्या पद्धतीस ‘गुंतवणुकीवरील सामाजिक परतावा’ म्हणतात. उत्तर गुणोत्तरात येते. एका रुपयामागे समाजाला दीड रुपयाचे मूल्य मिळाले, तर परतावा दीडास एक. ही पद्धत 1990 नंतरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतील एका परोपकारी निधीने वापरात आणली. जेड एमर्सन हे तिच्या आद्य मांडणीकारांपैकी एक. ब्रिटनमध्ये 2009 साली सरकारच्या पाठबळाने तिची मार्गदर्शिका निघाली. या मार्गदर्शिकेत एकूण मूल्यातून चार वजावटी सांगितल्या आहेत : कार्यक्रम नसता तरी जे घडले असते ते, इतरांचे श्रेय, दुसऱ्याचा हिरावलेला वाटा, आणि काळाबरोबर होणारी झीज. प्रशिक्षणाच्या बाबतीत यांतली पहिली वजावट सर्वांत मोठी असते, आणि नेमकी तीच टाळली जाते.

ती मोठी असण्याचे कारण साधे आहे. अभ्यासक्रमाला नाव घालणारी मुले-मुली कामाच्या शोधात असतातच. वर्षभरात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना ओळखीपाळखीने, दुकानात, गोदामात, कुठेतरी काम लागतेच. शिवाय माणूस प्रशिक्षणाकडे वळतो तो बहुधा हाताला काम नसतानाच. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने 1978 साली अमेरिकी प्रशिक्षणार्थींच्या कमाईत प्रवेशाच्या आधी पडलेला हा खड्डा दाखवून दिला, आणि तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. खड्ड्याच्या तळापासून मोजायला सुरुवात केली की नुसते सपाटीवर येणेही चढण वाटते. ‘प्रवेशाच्या वेळी किती कमवत होता, आता किती?’ या प्रश्नावर बेतलेला अहवाल म्हणूनच फुगलेला असतो.

एक काल्पनिक पण रोजच्या पाहण्यातले उदाहरण घेऊ. एका संस्थेने रुग्णसेवा-सहायकाच्या तीन महिन्यांच्या वर्गात शंभर तरुणींना प्रवेश दिला. खर्च 25 लाख रुपये. सत्तर जणींनी वर्ग पुरा केला. वर्षानंतर त्यांपैकी पन्नास जणी कामावर होत्या, सरासरी पगार महिना 12,000. संस्थेचे पत्रक हिशेब मांडते तो असा : पन्नास जणींची वर्षाची कमाई 72 लाख, तीन वर्षांची 216 लाख, भागिले 25 लाख, म्हणजे एका रुपयाचे साडेआठ रुपये.

आता हाच हिशेब निव्वळ करू. पहिली दुरुस्ती गणतीची. वर्ग अर्ध्यात सोडलेल्या तीस जणीही धरायच्या, कारण त्यांच्यावरही पैसा लागला आहे आणि टिकून राहणाऱ्या मुली मुळातच अधिक चिकाटीच्या असू शकतात. त्या तिसांपैकी दहा जणी त्याच सुमाराच्या पगारावर कुठे ना कुठे काम करत आहेत. म्हणजे शंभरांत साठ जणी कामावर, आणि बेकार असलेल्यांचे शून्य धरून सरासरी मासिक कमाई 7,200 रुपये.

दुसरी दुरुस्ती मुख्य. समजा, जागा शंभर आणि पात्र अर्ज दोनशे होते, म्हणून संस्थेने चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्या शंभर जणींनाही वर्षानंतर फोन केला. त्यांपैकी चाळीस जणी कामावर होत्या, पगार सरासरी 10,000. शून्ये धरून सरासरी 4,000. तेव्हा प्रशिक्षणाची कमाई 7,200 नव्हे, दोहोंतील फरक 3,200 रुपये. शंभर जणींचा वर्षाचा फरक 38 लाख 40 हजार. एकूण कमाईतला निम्म्याहून अधिक भाग इथेच गळला.

उरलेल्या वजावटी लहान, पण त्या अंदाजाच्या आहेत. गावातल्या रुग्णालयांत जागा मोजक्याच. तेव्हा काही नोकऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातून गेल्या असणार. त्यापोटी 15 टक्के वजा केले की पहिल्या वर्षाचे 32 लाख 64 हजार उरतात. चिठ्ठी न निघालेल्या मुलीही हळूहळू पुढे येतात, म्हणून फरक दरवर्षी निम्मा होतो असे धरू. 8 टक्के दराने आजचे मूल्य काढल्यास तीन वर्षांचे मिळून सुमारे 50 लाख 70 हजार होतात. खर्चाच्या बाजूलाही भर पडते. वर्गामुळे तीन महिने बुडालेली मजुरी समजा 6 लाख, फुकट मिळालेली जागा व साहित्य 3 लाख. एकूण खर्च 34 लाख. परतावा दीडास एक. साडेआठ आणि दीड, दोन्ही आकडे त्याच शंभर मुलींचे.

इतरांच्या श्रेयाची वजावट इथे मुद्दाम केलेली नाही. शासकीय योजना, भावाची ओळख, स्वस्त बसपास हे सारे दोन्ही गटांना सारखेच मिळत होते. तुलनेत ते आपोआप कटले. तुलनागट असूनही पुन्हा 20-25 टक्के कापणारे अहवाल आढळतात. तो काटेकोरपणा नाही, तीच गोष्ट दोनदा वजा करणे आहे.

चिठ्ठ्या टाकता आल्या नाहीत तर प्रतीक्षायादीतल्या, पुढच्या तुकडीत येणाऱ्या उमेदवारांशी तुलना करता येते. मुलाखतीत नापास केलेल्यांशी मात्र करू नये. चुणचुणीत उमेदवार निवडून उरलेल्यांना मापदंड करणे म्हणजे निकाल आधीच ठरवणे. ‘वर्ग नसता तर तुम्हाला काम मिळाले असते का?’ असे प्रशिक्षणार्थींनाच विचारण्याची पद्धत सर्वांत स्वस्त व सर्वांत कच्ची. शिकवणाऱ्या बाईंच्या देखत ‘हो, मिळालेच असते’ म्हणणारी मुलगी विरळा. अहवालात वजावटीचा आकडा नेमका 10 किंवा 20 टक्के असा गोल आढळला, तर तो मोजलेला नसून टेबलावर बसून ठरवलेला असण्याची शक्यता दाट.

प्रत्यक्ष मोजणीचे भारतातील चांगले उदाहरण दिल्लीच्या वस्त्यांतील महिलांसाठीच्या सहा महिन्यांच्या शिवणवर्गाचे आहे. पुष्कर मैत्रा व सुभा मणी यांनी अर्जदारांतून यदृच्छया निवड करून केलेला हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. प्रवेश मिळालेल्यांत काम करणाऱ्यांचे प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 6 टक्के-बिंदूंनी अधिक निघाले, आणि हा लाभ पुढेही टिकलेला दिसला. म्हणजे झीज दरवर्षी निम्मी धरणे हाही नियम नव्हे. तीही मोजावी लागते. हिरावलेल्या वाट्याचा पुरावा फ्रान्समधून येतो. तेथे ब्रुनो क्रेपॉन, एस्तेर दुफ्लो आदींनी नोकरीसाहाय्याची योजना 235 क्षेत्रांत तपासली, तेव्हा मदत मिळालेल्यांच्या लाभाचा काही भाग त्याच क्षेत्रातील मदत न मिळालेल्यांच्या खर्चाने आल्याचे आढळले. एकाच संस्थेच्या नोंदींतून हे कधीच दिसत नाही.

स्वाभिमान, घरातला शब्द, लग्न लांबणे अशा बदलांना रुपये लावण्याची मुभा या पद्धतीत आहे, पण तेथे आकडा मूल्यमापकाच्या हातात जातो. असे लाभ वेगळ्या ओळीत दाखवावेत व कमाईवरचे गुणोत्तर त्यांच्याशिवायही द्यावे. दोन संस्थांची गुणोत्तरे शेजारी ठेवून निधी वाटणेही घातक. सुशिक्षित शहरी मुले निवडणारी संस्था पत्रकात नेहमीच पुढे दिसेल.

भारतात 2021 च्या सुधारित नियमांनुसार, ज्या कंपन्यांचे सामाजिक दायित्वाचे सरासरी बंधन 10 कोटी रुपये वा अधिक आहे, त्यांना 1 कोटी वा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे, ते पूर्ण होऊन किमान एक वर्ष लोटल्यावर, स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यांकन करून घ्यावे लागते. त्यात तुलनागट असलाच पाहिजे, अशी अट नाही.